साधी मच्छरजाळी चिलटांना का अडवत नाही

फिरणारा दावा: “पावसानंतर दिव्याभोवती घोंघावणारी चिलटं म्हणजे डासांची पिल्लं. खिडकीला मच्छरजाळी बसवा, आत पिवळा बल्ब लावा, एकही आत येणार नाही.”

पिल्लं? डासाचं पिल्लू म्हणजे पाण्यात वळवळणारी अळी. पंख फुटल्यावर कीटक वाढत नाही, त्यामुळे उडणारं चिलट आहे तेवढंच राहतं. सकाळी दिव्याखाली खच पडतो, त्यातली बरीचशी न चावणारी असतात. पिसासारख्या मिशा असलेला त्यांचा नर भिंगाशिवायही ओळखू येतो. चावरी जात वेगळी. जेमतेम 1 ते 3 मिलिमीटर लांब, बसल्यावर पंख पाठीवर कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक. त्यांच्या अळ्या ओल्या चिखलात, शेणात वाढतात आणि चावते फक्त मादी.

जाळी. खरी गोम इथे आहे. साध्या जाळीत इंचाला साधारण 18 छिद्रं असतात. म्हणजे एका घराला 1.4 मिलिमीटर, त्यातून तारेची जाडी वजा केली की 1.1 मिलिमीटरची मोकळी वाट. डास तिथे अडतो. चिलटाची लांबी जास्त असली तरी अंगाची रुंदी त्याहून कमी, म्हणून ते आरामात आत शिरतं. जाळीमागे पांढरा कागद धरा, पट्टी लावा आणि एका सेंटीमीटरमधली छिद्रं मोजा. सात भरली तर जाळी डासांची. चिलटांसाठी बारा तरी हवीत, म्हणजे इंचाला 30.

याची किंमत हवेत मोजावी लागते. तार तेवढीच जाड असेल तर मोकळी जागा सुमारे 64 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर येते. म्हणून घरभर बारीक जाळी लावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी उघडी राहते त्या खिडकीपुरती पुरे.

आणि जाळी कितीही बारीक असो, सरकत्या खिडकीची काच अर्धवट उघडी ठेवली की काच आणि जाळीची चौकट यांच्यामध्ये उभी फट राहते. रात्री आत दिवा लावून बाहेरून पाहा: जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून चिलटंही येतात. फटीला ब्रशची पट्टी लावा. खालच्या रुळातली पाणी जाण्याची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर पाऊस घरात. त्यांवर बारीक जाळीचा तुकडा चिकटवा.

पिवळा बल्ब. गर्दी कमी होते, हे खरं. निळसर-पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात. पण चावरी मादी माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते, तिला बल्बच्या रंगाने अडवता येत नाही. तिच्यावर पंखा चालतो, कारण वाऱ्यात तिला नीट उडता येत नाही.

सगळं बंद असूनही दिवसा काचेवर बारीक काळी चिलटं फिरत असतील तर जाळीला दोष देऊ नका. ती बहुधा घरातल्या कुंडीच्या ओल्या मातीत जन्मलेली असतात. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालू नका.