सोन्याची तार आणि सोन्याची वीट

"सोनं गंजत नाही, वीज छान वाहून नेतं, इलेक्ट्रॉनिक्सला लागतं, म्हणून महाग." हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकतो. मला हे कारण पटत नाही.

चिपच्या आतली तार बघा. सिलिकॉनचा तुकडा बाहेरच्या जोडण्यांना जोडायला साधारण 25 मायक्रॉनची, केसाहून बारीक तार लागते. कित्येक वर्षं ती बहुतेक सोन्याचीच असायची. ठिणगीने टोक वितळवलं की सोन्याचा गोळा साध्या हवेतही नीट गोल होतो आणि मऊ असल्याने खालच्या पॅडला, म्हणजे चिपवरच्या जोडणीच्या जागेला, न दुखवता चिकटतो. तांबं एवढं गुणी नाही. ते हवेत काळवंडतं, म्हणून तिथे नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून सोडावा लागतो. शिवाय कडक. दाब जरा जास्त झाला की पॅडखाली तडे जातात, आणि चाचणीत पास झालेली चिप पुढे कधीतरी दगा देते. तरीही 2008 नंतर सोनं चढत गेलं, तसे कारखाने ही सगळी कटकट पत्करून तांब्याकडे वळले. भाव चढला की पळ काढणारं हे गिऱ्हाईक. आणि भाव म्हणे त्याच्या जोरावर!

आता दुसरीकडे बघा. आजवर खणलेलं सोनं दोन लाख टनांहून जास्त आहे आणि त्यातलं बहुतेक आजही कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात आहे. खाणींतून वर्षाला साडेतीन हजार टनांच्या आसपास भर पडते, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. खाणींनी उत्पादन दुप्पट केलं तरी ढीग फारसा हलत नाही. तांब्याचं तसं नाही. निघालं की वापरात जातं, आणि मोठ्या खाणीत संप झाला तर भाव लगेच हलतो.

पैसा म्हणून हेच तर हवं असतं: कुणाला मनाला येईल तेवढं वाढवता येऊ नये, आणि ठेवलेलं सडू नये. तिजोरीतली साडेबारा किलोची वीट जागची हलतही नाही. वहीत मालकाचं नाव बदललं की व्यवहार झाला. तारेला मात्र राबावं लागतं.

ऑगस्ट 1971 मध्ये अमेरिकेने 35 डॉलरला एक औंस या दराने परदेशी सरकारांना सोनं देणं बंद केलं. पाठबळ गेलं, आता सोनं कोसळणार, असं काही जाणकारांना वाटलं होतं. जानेवारी 1980 मध्ये भाव 850 वर होता, कारण महागाईने कागदी पैशावरचा विश्वास हलला होता.

पुढची वीस वर्षं तर आणखी मजेशीर. संगणक घराघरांत शिरले, मोबाईल आले, आणि सोनं घसरत 1999 मध्ये अडीचशे डॉलरच्या घरात आलं. त्याच वर्षी बँक ऑफ इंग्लंडने आपल्या विटा विकायला काढल्या होत्या.