मी "नको" वर क्लिक केलं आणि यांच्याकडे मी हॉट लीड झाले!

आज सकाळी ऐन कामात फोन. "मॅडम, आमच्या वेबिनारमध्ये तुम्ही इंटरेस्ट दाखवला होतात ना?" मी? इंटरेस्ट? अहो, मी तुमच्या आमंत्रणातल्या "नको" वर क्लिक केलं होतं! तसं सांगितलं तर तो पोरगा गोंधळला. म्हणाला, "पण इथे तर तुम्ही लिंक उघडल्याचं दिसतंय, म्हणून तर तुमचं नाव आज कॉल लिस्टमध्ये आलं." त्याच्यावर ओरडून काय उपयोग? त्याला जे दिसतं ते तो वाचतो. राग मला ती व्यवस्था उभारणाऱ्यांचा येतो. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच काम करते, लोकांना कार्यक्रमांची आमंत्रणं पाठवण्याचं. त्यामुळे हे कसं झालं ते मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

झालं असं. मेलमधल्या कुठल्याही लिंकवर क्लिक झालं की समोरच्याच्या खात्यात गुण जमा होतात. ठरावीक गुण झाले की नाव आपोआप सेल्सकडे जातं. या हिशोबातून नकाराची लिंक वगळावी लागते. एक नियम लिहायचा असतो, पाच मिनिटांचं काम. तो कुणी लिहिलाच नाही. म्हणजे जो माणूस वेळ काढून, सभ्यपणे नकार कळवतो, तोच यांच्या यादीत वर चढतो. मेल न उघडता उडवणारा सुखात राहतो. वर कित्येक कंपन्यांच्या मेल सर्व्हरवर सुरक्षेसाठी स्कॅनर बसवलेले असतात, ते आलेल्या मेलमधल्या लिंक स्वतःच उघडून तपासतात. मेल पोचल्यावर काही सेकंदांत सगळ्याच्या सगळ्या लिंकवर क्लिक दिसलं, तर तो माणूस नव्हेच. तरी त्यालाही "उत्सुक ग्राहक" म्हणून फोन लावतात!

आता ते मूळ आमंत्रण बघा. विषयाच्या ओळीत "Re: आपल्या बोलण्याबद्दल". कुठलं बोलणं? आम्ही आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मेल उघडावा म्हणून पुढे खोटं "Re:" चिकटवायचं, ही सरळसरळ फसवणूक आहे. आत काय, तर "व्यवसायाचं भविष्य बदलणारं सत्र". कोण बोलणार, काय दाखवणार, किती वेळ, काही पत्ता नाही. वेळ "11 वाजता", पण कुठल्या देशाच्या घड्याळात तेही लिहिलेलं नाही. आणि खाली दोन बटणं. एक, "हो, माझी जागा राखून ठेवा". दुसरं, "नको, मला माझा व्यवसाय वाढवायचा नाही". हे लिहिणाऱ्याला जराही लाज वाटली नाही? नकार देणाऱ्याच्या तोंडी स्वतःचा अपमान घालायचा? त्यावर क्लिक केलं तर फॉर्म उघडला: नाव, हुद्दा, मोबाइल नंबर, नकाराचं कारण, सगळं सक्तीचं. ज्या पत्त्यावर तुम्ही मेल पाठवलात तो तुमच्याकडे आहेच ना? मग नकार द्यायला माझा नंबर कशाला हवा? मी फॉर्म बंद केला. पण क्लिक नोंदवलं गेलं होतं.

मीटिंगमध्ये हा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "तळाला अनसबस्क्राइब आहे की!" अहो, ते वेगळं आणि हे वेगळं. "या गुरुवारी जमणार नाही", "हा विषय माझा नाही", "रेकॉर्डिंग पाठवा" आणि "पुन्हा मेल करूच नका" ही चार निरनिराळी उत्तरं आहेत. पहिल्या तिघांना कायमचं दार लावण्याशिवाय मार्गच ठेवला नाही, तर ते एक तर दार लावतील किंवा स्पॅमचं बटण दाबतील. जीमेलने 2024 मध्ये मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना बजावलं आहे की स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यापर्यंत जाता कामा नयेत. म्हणजे हजार मेलमागे तिघे वैतागले की धोक्याची रेघ आली. दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब देणं आणि ते दोन दिवसांत अमलात आणणं, हेही त्याच नियमांत आहे. आणि इथे मला पडद्यावर काय दिसतं? "आपली विनंती दहा दिवसांत विचारात घेतली जाईल." विचारात!

नीट करायला काय लागतं? "नको" ची लिंक एका साध्या पानावर न्यायची. तिथे "हा कार्यक्रम नको", "रेकॉर्डिंग पाठवा", "यापुढे काहीच पाठवू नका" अशी तीन बटणं ठेवायची. लॉगिन नाही, फॉर्म नाही. नकार बटण दाबल्यावरच नोंदवायचा, नुसती लिंक उघडल्यावर नाही; नाहीतर तो स्कॅनर तुमच्या निम्म्या यादीच्या वतीने नकार देऊन मोकळा होईल. आणि ज्या पत्त्यावरून आमंत्रण गेलं तिथे आलेलं उत्तर कुणीतरी माणसाने वाचायचं. noreply वरून "आपल्या उत्तराची वाट पाहतो" लिहिणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.

रिमाइंडर हा आणखी एक छळ. नकार कळवूनही "जागा संपत आल्या" येतच राहतं, कारण मोहीम सुरू करताना यादी एकदा गोठवली आणि सगळे रिमाइंडर त्याच जुन्या यादीवर लावून टाकले. यादी प्रत्येक रिमाइंडर निघताना नव्याने गाळायची असते. त्यात वेबिनारचं सॉफ्टवेअर एक, मेलचं दुसरं, सेल्सचं तिसरं. एकाला दिलेला नकार दुसऱ्याला कळतच नाही. आणि ऑनलाइन सत्राच्या जागा कसल्या संपताहेत?

आमंत्रणात खरंच काही देण्यासारखं असेल तर ते लिहायला इतका जीव का जातो? समजा, गोदामाचं सॉफ्टवेअर विकायचं आहे. मग लिहा: "महिनाअखेरीस नोंदीतला आणि प्रत्यक्षातला स्टॉक जुळत नसेल तर हे सत्र तुमच्यासाठी. 40 मिनिटांत एका गोदामाचा मेळ स्क्रीनवर लावून दाखवू: परत आलेला माल कुठे निसटतो, एकच आवक दोनदा कशी चढते. शेवटची 10 मिनिटं तुमच्या प्रश्नांना. आमच्या सॉफ्टवेअरबद्दल 5 मिनिटं, प्रश्नांच्या आधी. मोजणी तुमच्या हाताखाली येत नसेल तर हे तुमच्या कामाचं नाही. 'नको' दाबा, या सत्राबद्दल पुन्हा मेल येणार नाही." झालं. वाचणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळतं, यायचं की नाही.

"पण नको चं बटण दिलं तर आकडे पडतील," हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कसले आकडे? सुटका होत नाही म्हणून नाव नोंदवून न येणाऱ्यांचे? "हा विषय माझा नाही, आमच्याकडे खरेदीचे लोक बघतात" असं ज्याने कळवलं, त्याने तुमची यादी फुकटात दुरुस्त करून दिली आहे. पुढचं आमंत्रण पाठवण्याआधी ते स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवा, "नको" दाबा, आणि दोन दिवसांनी आपल्याच सिस्टीममध्ये आपलं नाव कुठल्या यादीत बसलंय ते उघडून बघा.