जुन्या घड्याळात हमखास फसायचे उपाय

जुनं सेको ५ घ्यायचंय? घ्याच. गेल्या रविवारी एका विक्रेत्याशी हुज्जत घालून आल्यापासून मी शहाणपण शिकवणं बंद केलंय. आता फक्त फसायला मदत करतो.

आधी डायलच्या प्रेमात पडा. ऐंशीच्या दशकातलं घड्याळ आणि डायल पोपटी, एक डाग नाही! ती गेल्या महिन्यात रंगवली असेल, असला घाणेरडा संशय मनात आणू नका.

सेकंद काटा सेकंदाला एकच उडी मारत असेल, तरी ‘ऑटोमॅटिक आहे’ म्हटल्यावर मान डोलवा. खरा काटा सेकंदाला सहा बारीक पावलं टाकतो, पण मोजायला वेळ कुणाला आहे?

चावी फिरवून तर मुळीच बघू नका. त्या काळच्या सेको ५ मध्ये असणाऱ्या 7009 मशीनला चावी भरायची सोयच नसते. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. चावी ओढली तरी काटा थांबत नाही. तरीही तुमच्या हातातलं घड्याळ करकर भरलं जात असेल, तर आत भलतंच मशीन आहे. विक्रेता म्हणेल, ‘साहेब, याला चावीपण देता येते!’ म्हणजे फायदाच की. (अलीकडच्या 4R36 ला देता येते, काटाही थांबतो. पण ते मशीन ऐंशीच्या दशकात कुठून येणार?)

केस चकाचक हवी. कंपनीने वरच्या बाजूला बारीक रेघांचं फिनिश दिलेलं असतं, कडेला आरशासारखं पॉलिश, आणि दोन्हींच्या मधली धार बोटाला जाणवते. बफ मारमारून ती धार साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत केलेली असली की ‘मिंट कंडिशन’ म्हणायचं. पट्ट्याच्या कानाखाली मुलामा उडून पितळ दिसलं, तर सोन्याचं समजा.

आणि मागचं झाकण. रविवारच्या त्या घड्याळाच्या झाकणावर 7009 ने सुरू होणारा नंबर होता. डायलच्या खालच्या कडेला, भिंग लावून दिसेल असा, 6119. म्हणजे डायल एका घड्याळाची, झाकण दुसऱ्याचं. सिरीयल नंबर 8N ने सुरू होत होता. पहिला आकडा वर्षाचा, दुसरी खूण महिन्याची, N म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे १९७८ किंवा १९८८. पठ्ठ्या सांगत होता, ‘आजोबांनी पासष्टला घेतलं.’ मशीनवरही नंबर कोरलेला असतो, म्हणून म्हटलं, झाकण उघडा. तर म्हणे, ‘सील जाईल.’ कसलं सील? त्या रबरी रिंगचं कधीच चिकट डांबर झालेलं असतं. झाकण फिरकीचं, ओपनर त्याच्याच टेबलावर पडलेला!

बदललेलं घड्याळ विकायला कुणाची हरकत नाही. ‘डायल रंगवलीय, मशीन बदललंय’ सांगा, त्या भावात विका, घेणारे घेतील. पण तीन घड्याळांची खिचडी करून ‘ओरिजिनल’चे पैसे मागणं ही सरळ लुच्चेगिरी आहे. आणि दोन नंबर ताडून बघायचा कंटाळा करून पैसे पाठवणाऱ्यांनो, नंतर मला घड्याळाचे फोटो पाठवून ‘दादा, खरं आहे का हो?’ विचारत जाऊ नका. आधी विचारा.