प्रेशर गेज आणि 2 किलोचा नियम

फिरत असलेला दावा: "कुठल्याही नळाला प्रेशर गेज लावा. काटा 2 किलोच्या खाली असेल तर प्रेशर कमी आहे, बूस्टर पंप बसवावाच लागेल. 2 किलोच्या वर असेल तर लाइन ठीक. टाकी मोठी घेतली तरी प्रेशर वाढतं."

टाकीचं आधी उरकून टाकू. दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर, साठ्यावर नाही. 500 लिटरची टाकी असो की 2,000 लिटरची, पाण्याची पातळी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर काटा 1 किलोवर येतो. म्हणजे मीटरमागे 0.1 किलो. (गेजवरचा 'किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. दुसऱ्या वर्तुळात बहुधा पीएसआयचे आकडे असतात आणि 1 किलो म्हणजे सुमारे 14 पीएसआय. चुकून तेच वाचले जातात.)

याच हिशेबाने 2 किलोसाठी टाकी नळाच्या 20 मीटर वर हवी. एकमजली वा दुमजली घरात ते होणारच नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वरच्या मजल्यावरच्या शॉवरपेक्षा अडीच मीटर उंच असेल तर तिथे 0.25 किलो आणि तळमजल्यावर 8 मीटर खाली 0.8 किलो हेच योग्य वाचन आहे. म्हणून आधी टेपने उंची मोजा, अपेक्षित आकडा काढा आणि मगच काटा पाहा.

आता गेज. बाजारात सहज मिळणारा 0 ते 10 किलोचा गेज इथे कुचकामी आहे. त्याची चूक पूर्ण मापाच्या टक्क्यांत धरतात. अडीच टक्के म्हणजे पाव किलो, आणि शॉवरचा सगळा दाबच तेवढा! 0 ते 1 किंवा 0 ते 2.5 किलोचा गेज घ्या. वॉशिंग मशीनच्या नळाच्या तोंडाला पाऊण इंची आटे असतात. गेजचे आटे बहुधा पाव इंची असतात, म्हणून मधे रिड्यूसर लागतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळा, आणि आवळताना पान्याने गेजचा चौकोनी दांडा धरा, डबी नको. वरच्या मजल्यावर तर गेजशिवायही भागतं. नळाला लांब पारदर्शक नळी घट्ट बसवा, तिचं टोक खिडकीतून टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर न्या, बुडबुडे जाऊ द्या आणि पाणी नळापासून किती मीटर चढलं ते मोजा.

दाव्यातली सर्वांत मोठी चूक मात्र 'लाइन ठीक' या निष्कर्षात आहे. गेज लावून बाकी नळ बंद ठेवले की पाणी वाहतच नाही. वाहत नसलेल्या पाण्याला पाइपातला गंज किंवा अर्धवट उघडी चावी अडवू शकत नाही, त्यामुळे तुंबलेल्या लाइनवरही काटा पूर्ण दाब दाखवतो. खरी तपासणी याच्या पुढे आहे: त्याच लाइनवरचा दुसरा नळ पूर्ण उघडा, काटा किती पडतो ते पाहा आणि 15 लिटरची बादली भरायला लागलेला वेळ मोजा.

समजा, तळमजल्यावर नळ बंद असताना 0.8 किलो आहे. बाथरूमचा नळ उघडल्यावर काटा 0.1 वर आला आणि बादलीला तीन मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला फक्त 5 लिटर, आणि दाब टाकी ते गेज या वाटेत खर्च होतोय. टाकीखालची चावी, तिथली जाळी, जुना जीआय पाइप तपासा. उलट, धार बारीकच राहिली पण काटा 0.75 च्या आसपास टिकला, तर अडथळा गेजच्या पुढे, बहुतेक त्या नळाच्याच तोंडाच्या जाळीत किंवा अँगल कॉकमध्ये आहे. जाळी काढून व्हिनेगरमध्ये ठेवली की क्षार सुटतात. तुंबलेल्या पाइपावर पंप लावून फार काही हाती लागत नाही, कारण पाणी दुप्पट हवं असेल तर दाब सुमारे चौपट लागतो.

नळ बंद असतानाचा काटाच उंचीच्या हिशेबापेक्षा बराच खाली असेल, तर कुठे तरी नळ चालू आहे, गळती आहे, लाइनमध्ये हवा अडकली आहे किंवा गेज चुकतोय. गेज काढल्यावर काटा शून्यावर येतो का, ते आधी बघा.

हे सगळं टाकीच्या लाइनचं. नगरपालिकेच्या थेट लाइनवर वाचन पाण्याच्या वेळेतच घ्यायचं, सुरुवातीला, मधे आणि शेवटी, कारण शेजारचे नळ उघडतील तसा काटा हलतो. मीटरजवळ नॉन रिटर्न वॉल्व्ह असेल तर पाणी गेल्यावरही दाब आत कोंडून राहतो आणि काटा फसवतो. एक नळ क्षणभर उघडा. कोंडलेला दाब असेल तर काटा लगेच शून्यावर येईल. आणि या लाइनला थेट पंप कधीच जोडू नका: पाइपात दाब शून्याखाली गेला की फटींतून बाहेरचं गढूळ पाणी आत ओढलं जातं, तुमच्याही नळात आणि शेजाऱ्यांच्याही.