स्वतःविषयी थोडक्यात, ५० शब्दांत

स्वतःची माहिती कागदावर मांडायची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली होती, आणि तीही माझ्या मामांनी निभावली. वर 'श्री गजानन प्रसन्न', खाली रास, नाडी, वर्ण गव्हाळ, उंची पाच फूट दोन इंच. त्यातले पाच फूट माझे, दोन इंच मामांचे. आवडीत 'भरतकाम' होतं. सुईत दोरा ओवायलाही मला दुसरं कुणीतरी लागतं. पण त्या कागदावर लग्न जमलं, म्हणजे कागद चांगलाच असणार.

त्यामुळे रोजगार मेळाव्याच्या फॉर्मवर 'स्वतःविषयी थोडक्यात, ५० शब्दांत' असा चौकोन दिसला, तेव्हा पहिला खर्डा आपसूकच त्या वळणावर गेला. जन्मतारीख, जन्मगाव सोलापूर, भाऊ एक, बहिणी दोन, दोघी विवाहित. नवऱ्याने वाचलं आणि शांतपणे विचारलं, "मामांचा फोन नंबर नाही टाकलास?"

दुसरा खर्डा भाच्याने पाठवलेल्या नमुन्यावरून उतरवला. मी 'डायनॅमिक' झाले, 'हार्डवर्किंग' झाले, 'टीम प्लेयर' झाले. खालच्या घरातल्या अक्का विड्या वळत बसल्या होत्या. पदर सावरून मी त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यांची बोटं थांबली नाहीत. पान, तंबाखू, दोरा, सुरळी, सगळं चालूच.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "पण तू त्या टॉवेलच्या कारखान्यात करलालीस काय?"

मी म्हटलं, "क्वालिटी."

"मंजे दिवसभर काय करलालीस?"

आमच्या सोलापुरात हा प्रश्न साधा समजू नये. ज्या बाईने हजार विड्या वळल्याशिवाय मजुरीची आशा धरली नाही, तिला 'डायनॅमिक' म्हणजे किती नग, ते सांगता आलं पाहिजे. मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी नियमच केला: अक्कांनी 'मंजे काय?' विचारल्यावर ज्याला उत्तर नाही, तो शब्द कट. या नियमाने दुसऱ्या खर्ड्यात माझं नाव तेवढं शिल्लक राहिलं.

तिसरा खर्डा नवऱ्याचा. त्यात मी 'क्वालिटी हेड' झाले. अहो, हेड आमचे साहेब होते, मी टेबलावर तपासणारी! "कोण विचारतंय?" नवरा म्हणाला. अडचण अशी की सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात कोण कुणाला ओळखत नाही? माझ्या जुन्या साहेबांचे साडू मेळाव्यात टेबल टाकून बसले असते, तर माझी बढती पाच मिनिटांत रद्द झाली असती.

खरी पंचाईत चौथ्यापासून नवव्यापर्यंत झाली, ती पाच वर्षांच्या खंडाची. मुलगी झाल्यावर मी घरी होते. ही पाच वर्षं कुठे ठेवायची? चौथ्यात लपवली, तर हिशेब लागेना. सहा वर्षं नोकरी करून मी थेट आजच्या तारखेला उगवत होते. पाचव्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं, तर मी तुरुंगात होते असा वास येऊ लागला. सातव्यात 'स्वतंत्र सल्लागार' झाले. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कुणाला दिलास गं सल्ला?"

"तुम्हालाच. आणि तुम्ही एकही घेतला नाहीत."

शेवटी एका साध्या वाक्यात ते लिहून टाकलं. पाच शब्द पुरले. त्या पाच शब्दांसाठी सहा खर्डे गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

दहाव्यात मग उलट झालं. अक्कांच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या नादात मी अख्खी एक हकिगत लिहिली, चार पानं. ती अशी. आमच्या कारखान्यात ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या टॉवेलची ऑर्डर होती, ४५० जीएसएमची. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. हा टॉवेल भरतो १.१२५ चौरस मीटर, म्हणजे नग ५०६ ग्रॅमचा पाहिजे. काही पीस ४८० भरायला लागले. हिशेब केला तर ४२७ जीएसएम. हाताला फरक कळत नाही, पण गिऱ्हाइकाच्या वजनकाट्याला कळतो आणि अख्खा माल परत येतो.

साहेब म्हणाले, काटा बिघडलाय. काट्यावर एक किलोचं वजन ठेवलं, काटा बरोबर. मग म्हणाले, टॉवेल ड्रायरमधून नुकते निघालेत. हे मात्र खोटं नव्हतं. सुती माल कडक वाळला की हलका भरतो, आणि हवेतली ओल शोषली की वजन परत येतं. म्हणून मी ते पीस रात्रभर मोकळे पसरून ठेवले. सकाळी थोडे वाढले, पण ५०६ च्या जवळपासही नाहीत. मग पुढच्या लॉटमध्ये प्रत्येक मागाच्या थानावर माग नंबर टाकायला लावला. दोन दिवसांत दिसलं, हलका माल सगळा सात नंबरवरचा. टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, बीम दोन असतात, एक पायाचा आणि एक वर उठणाऱ्या लूपचा. लूपचा बीम सैल सुटला पाहिजे. सात नंबरवर तो ओढून धरला जात होता, त्यामुळे लूप आखूड बसत होते, म्हणजे सूतच कमी लागत होतं. मागाची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरने ताण कमी केला, वजन परत आलं. जॉबर माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

ही हकिगत मला फार आवडली. पण चौकोन ५० शब्दांचा होता आणि माझे झाले होते साडेसहाशे. अकरावा, बारावा, तेरावा हे फक्त कापायचे. आधी साहेब गेले, मग ड्रायर गेला, शेवटी काळजावर दगड ठेवून जॉबरचं मौनही काढलं. हिशेब मात्र ठेवला. चौदावा असा:

'टॉवेल कारखान्यात ६ वर्षं क्वालिटी तपासनीस होते. वजन, माप, किनार, डाग तपासून माल पास किंवा सेकंड ठरवत असे. ऑर्डरीतले काही पीस ५०६ ग्रॅमऐवजी ४८० भरत होते. ते कोणत्या मागावरून येतात ते शोधून माग दुरुस्त करून घेतला. मुलीसाठी ५ वर्षं घरी होते. आता पूर्णवेळ काम हवं आहे.'

मोजले, ४६. चार शब्द उरले. नवरा म्हणाला, "'मनमिळाऊ' टाक." सासूबाई स्वयंपाकघरातून खोकल्या. चारही तसेच सोडले.

मेळावा मे महिन्यात होता. सोलापूरचा मे, वर पत्र्याचा मंडप. टॉवेलवाल्यांच्या टेबलामागचे गृहस्थ खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसत माझा कागद वाचत होते. वाचता वाचता बोट एका जागी थांबलं.

"४८० का भरत होते?"

चार पानं मला तोंडपाठ होती, पण सुरुवात करायच्या आधीच माझं लक्ष त्यांच्या खांद्यावर गेलं. सवय वाईट. "साहेब, तुमच्या या टॉवेलचेसुद्धा एका बाजूचे लूप आखूड आहेत."

त्यांनी तो खांद्यावरून काढला, उजेडात धरला, किनारीपासून अंगठा फिरवत नेला. मग शेजाऱ्याला दाखवला. दोघं त्यावर वाकले, काहीतरी हळू बोलले. एवढ्यात चहा आला, आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून पोऱ्याने दोन्ही ग्लास माझ्या चौदाव्या खर्ड्यावर ठेवले.

"सोमवारी कारखान्यात या," ते मान वर न करता म्हणाले. "हा माग बघू."

ग्लास उचलले तेव्हा 'पूर्णवेळ'वर चहाचा गोल उमटला होता. माझ्या मनात आपोआप शेरा उमटला: डाग, सेकंड.