परदेशातून : डब्यातली लाल रेघ

“डब्याखाली ५ आकडा आहे, बीपीए-फ्रीही लिहिलंय. मग रश्शाचा डबा तसाच मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर काय बिघडतं?” असे वहिनींनी पुण्याहून विचारले.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, काही प्लास्टिक बनवताना वापरले जाणारे रसायन. सगळ्याच प्लास्टिकमध्ये ते असते, हे काकांचे ठाम म्हणणे अर्धेच खरे आहे. बीपीए प्रामुख्याने पॉलिकार्बोनेटमध्ये आणि अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या थरात असते. ५ आकड्याच्या पॉलिप्रॉपिलीनला ते मुळातच लागत नाही, त्यामुळे त्यावरची बीपीए-फ्री ही मोहोर फारसे काही नवे सांगत नाही. आकडा प्लास्टिकची जात सांगतो, ते किती तापवावे हे नाही.

इथे जर्मनीत माझी एक सहकारी अन्नाच्या वेष्टनांची चाचणी करते. माझा जुना डबा उजेडात धरून तिने आतल्या भिंतीवरची लाल, खरखरीत रेघ दाखवली. ती नेमकी रश्शाच्या तवंगाच्या उंचीवर होती. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते, तवंगातले तेल मात्र त्याहून बरेच तापू शकते आणि तिथे प्लास्टिक मऊ पडते. शिवाय प्लास्टिकमधली कित्येक पूरक रसायने पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात. हळदीचा रंग प्लास्टिकमध्ये शिरलेला आपल्याला दिसतो. उलट दिशेचा प्रवास दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून वहिनींना माझे उत्तर असे, की एखाद्या वेळेने काही बिघडत नाही, पण तेलकट रस्सा काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून, वर ताटली झाकून तापवावा. फ्रीजमधली गार काच एकदम तापवू नये, ती तडकते. उकळता रस्सा प्लास्टिकमध्ये ओतणे हेही तापवण्यासारखेच आहे. तो पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत स्टीलच्या डब्यातून फ्रीजमध्ये जावा. हॉटेलातून पातळ पिशवीत येणारा वाफाळता रस्सा मला मायक्रोवेव्हपेक्षा जास्त खटकतो, आणि त्यावर घरी कोणी वाद घालत नाही.

इथे सगळे सुटले आहे, असेही समजू नये. युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमधील बीपीएवर बंदी आणली, ती जानेवारी २०२५ पासून अमलात आहे. पण रोजची सुरक्षित मर्यादा किती, यावर युरोपीय अन्नसुरक्षा संस्था आणि जर्मनीची जोखीम-मूल्यांकन संस्था यांचे २०२३ मध्ये उघड मतभेद झाले. आमच्या कार्यालयात दुपारी प्लास्टिकचे डबे रांगेने तापतात, तो भाग वेगळाच.

मावशींना मात्र हा सगळा किरणांचा प्रश्न वाटला. “मी मायक्रोवेव्ह घेतलाच नाही, पण लोणचं प्लास्टिकच्या बरणीत आहे, त्याचं काय?” उष्णता नाही, तरी तेल वर्षभर तिथेच असते, सहकारी म्हणाली, काळही मोजावा लागतो, पण किती, हे त्या बरणीवर अवलंबून. चिनी मातीची बरणी माळ्यावर असल्याचे मावशींनी कळवले आहे. झाकण सापडत नाही.