शिंदे, होळकर आणि अर्धी वाटी शेव

मी इंदूरचा, ही ग्वाल्हेरची. लग्नात कुणीतरी म्हणालंच होतं, "शिंदे-होळकर एकत्र आले म्हणायचे!" सगळे हसले. इतिहासाचं पुस्तक उघडून पाहावं, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. 1803 साली शिंदे असईला इंग्रजांशी लढत होते, तेव्हा होळकर बाजूला बसून होते. 1804 मध्ये होळकर लढायला उठले, तोवर शिंद्यांनी तह करून टाकला होता. कंपनी सरकारला दोघांशी एकदम लढावंच लागलं नाही.

आमच्या घरातलं कंपनी सरकार अडीच वर्षांचं आहे. नाव चिनू. उंची डायनिंग टेबलाच्या काठाला हनुवटी टेकेल इतकी.

भांडणाचं मूळ शेव. बाहेरच्यांना हे कळणं कठीण आहे. इंदुरात शेव पोह्यांवर असते, वरणभातावर असते, आणि काहीच नसेल तेव्हा नुसती शेव असते. लवंगेची, लसणाची, बारीक, जाड. आमच्याकडे डबे एकावर एक रचलेले असतात. चिनूनं 'बाबा'नंतर उच्चारलेला दुसरा शब्द 'छेव' होता. 'आई' तिसरा. ही गोष्ट हिला अजून लागून आहे.

रात्री आठला पान वाढलं की तो वरणभाताकडे पाहायचाही नाही. "छेव!" ही म्हणायची, "आधी भात." तो रडायचा. मी पाच मिनिटं छताकडे पाहायचो आणि मग डब्यातून दोन काड्या काढून द्यायचो. दोनच!

"तू का दिलीस?"

"अगं, पाच मिनिटं दिली नव्हती की!"

मला खरंच वाटायचं, की पाच मिनिटं टिकलो म्हणजे थोडीफार शिस्त लागलीच. हिचं म्हणणं उलट. "तू त्याला शेव दिली नाहीस. पाच मिनिटं रडलं की शेव मिळते, हे शिकवलंस." ग्वाल्हेरची माणसं किल्ल्यावरून बोलतात, आपण खालून ऐकायचं.

पण तिचं खरं होतं. मी एखाद दिवशी कडक राहायचो, दुसऱ्या दिवशी सहाव्या मिनिटाला विरघळायचो आणि ऑफिसातून दमून आलेलो असलो की पहिल्याच मिनिटाला. ही कधीच द्यायची नाही. मग तो तिच्यासमोर रडायचा आणि माझ्याकडे बघत रडायचा. मधे आजीची खोली होतीच. तिथल्या कपाटात माझ्या आईचा स्वतंत्र डबा.

आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी हे हातपंपावरून समजावलं. पंप कोरडा आहे हे पक्कं ठाऊक असेल तर माणूस चार दांडे मारतो आणि घागर उचलून निघतो. पण कधी दहाव्या दांड्याला पाणी येतं, कधी तिसाव्याला, असा पंप असेल तर? तो पन्नास दांडे मारतो. एकावन्नावा कशाला सोडायचा! "तुमच्या घरातला पंप तुम्ही आहात," डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले. ही खिडकीबाहेर पाहत होती. फार गंभीरपणे.

मला मात्र खरं पटलं ते सकाळी, कचऱ्याच्या गाडीपाशी. चिनू केळ्याचं साल हिरव्या डब्यात टाकतो, बिस्किटाचं वेष्टन निळ्यात. हे त्याला आम्ही शिकवलेलं नाही. गाडीवाला एकत्र केलेला कचरा घेत नाही. सोमवारी नाही, रविवारी नाही. पाहुणे आलेत म्हणून नाही, "भिया, आजच्या दिवस" म्हटलं तरी नाही. तो ओरडतही नाही, बादली परत देतो. गाडीवाला बदलला तरी नियम तोच. त्याच्यापुढे चिनू कधी रडलेला नाही.

त्या रात्री चिनू झोपल्यावर स्वयंपाकघरात तह झाला. आईलाही बसवलं. पेशव्यांना वगळून केलेले तह टिकत नाहीत. मी पंधरा कलमं आणली होती, हिनं बारा खोडली. अडीच वर्षांच्या पोराला पंधरा नियम म्हणजे एकही नियम नाही, आणि मला तर त्यातले चारसुद्धा पाठ नव्हते.

राहिलेल्यांपैकी पहिलं शेवेचं. बंदी नाही. बंदी घातली असती तर ती पहिली मीच मोडली असती. पान वाढतानाच, त्यानं मागायच्या आधी, अर्धी वाटी शेव भाताशेजारी ठेवायची. संपली की संपली. रडल्यावर एक काडीही नाही, आणि तिघांचं वाक्यही एकच: "वाटीतली संपली." आईनं चार वाजता आपल्या खोलीत खुशाल द्यावी, पण जेवणाच्या वेळी तिचाही डबा बंद. आजीच्या खोलीतला कायदा वेगळा, हे मुलांना बरोबर कळतं. एकाच पानावर दोन कायदे असले की घोळ होतो.

दुसरं कलम: जो आधी बोलला त्याचंच चालणार. दुसऱ्यानं फक्त विचारायचं, "आईनं काय सांगितलं?" किंवा "बाबानं काय सांगितलं?" पटलं नसेल तर भांडण रात्री, स्वयंपाकघरात, दार लावून. तिसरं मारण्याचं: हात उगारला की हात धरायचा, "मारायचं नाही" एवढंच म्हणायचं, आणि दोन मिनिटं खेळापासून दूर, आपल्याशेजारी बसवायचं. त्या दोन मिनिटांत व्याख्यान नाही. ते मला फार जड गेलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी रडणं वाढेल. पंप अचानक बंद पडला की माणूस आधी दांडा जोरात मारतो. ही कॅलेंडरच्या मागे मिनिटं लिहीत होती. पहिली रात्र, अकरा. दुसरी, चौदा. तिसरी, एकोणीस, शिवाय वाटी भिंतीवर आणि वरचे शेजारी दारात. "सगळं ठीक आहे ना?" हिनं सांगितलं, ठीक चाललंय, वाढतंय. शेजारी गोंधळून परत गेले.

त्या एकोणिसात सोळाव्या मिनिटाला मी उठलो होतो. हात डब्यापर्यंत गेला होता. हिनं नुसतं पाहिलं, आणि मला गणित कळलं. आत्ता दिली तर उद्यापासून भाव सोळा मिनिटांचा. मी डब्याचं झाकण आणखी घट्ट लावलं आणि चिनूच्या शेजारी जमिनीवर बसलो. त्याला शेव द्यायची नव्हती. जवळ बसायला बंदी नव्हती. थोड्या वेळानं तो माझ्या मांडीवर येऊन हुंदके देत राहिला.

चौथ्या रात्री सहा मिनिटं. पाचव्या रात्री दोन. सातव्या रात्री त्यानं रिकामी वाटी उलटी करून पाहिली, स्वतःच म्हणाला, "छंपली," आणि भाताकडे वळला. पुढे ग्वाल्हेरहून सासूबाई आल्या, त्या रात्री पुन्हा नऊ मिनिटं झाली. नवा पंप दिसल्यावर एकदा दांडा मारून पाहणारच. त्यांनाही ते एक वाक्य शिकवलं.

सगळं सुरळीत झालं आणि शनिवारी रात्री साडेदहाला मला सराफ्यात जायची इच्छा झाली. भुट्ट्याचा कीस, मग गराडू.

"आत्ता नाही. उद्या पहाटे निघायचंय," ही म्हणाली.

मी पाच मिनिटं थांबलो. मग हळूच आईच्या खोलीत गेलो.

"आई, जरा सराफ्यात जाऊन येऊ का?"

आईनं चष्मा वर केला.

"हिनं काय सांगितलं?"